आबांची गाणी, पहिल्यांदाच पूर्ण

नमस्कार मंडळी. बसा, बसा. कूलरसमोर कोणी उभं राहू नका, मागं आत्या घामेघूम झाल्यात. आमरस तयार आहे, पण तो गाण्यांनंतर. आजीचा हुकूम आहे. आधी जेवण दिलं तर अर्धे लोक इथंच आडवे होतील, असं तिचं म्हणणं.

आज एक जून, आबांचा शाळेतला वाढदिवस. या मांडवात एक जूनला जन्मलेले अजून किती जण आहेत? हात वर करा बरं. एक, दोन, पाच... बघा! मानवतच्या गुरुजींनी अर्धं गाव एकाच दिवशी जन्माला घातलंय. पणजी सांगायची की आबा झाले तेव्हा रानात ज्वारीची काढणी चालू होती. म्हणजे सत्तरी खरी तर दोन-तीन महिन्यांपूर्वीच भरली. पण लेकरांना सुट्ट्या जूनमध्ये आणि रसाला आंबेही आत्ताच, तेव्हा आपण गुरुजींचीच तारीख धरू.

आबांना कोणती गाणी आवडतात, हे इथं सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे तसं वाटतं. मी महिनाभरापूर्वी घरातल्या एकेकाला धरून विचारलं, तर प्रत्येकानं पटापट गाणी सांगितली. म्हटलं, अंतरा म्हणून दाखवा. कोणालाच येईना. बाबांना येईना, काकांना येईना, पन्नास वर्षं संसार केलेल्या आजीलाही येईना. सगळ्यांना फक्त पहिली ओळ येते, कारण आबा गुणगुणतात ती पहिलीच ओळ. पुढं काय होतं, ते दुकानात बसलेल्यांना ठाऊक आहे. रेडिओवर गाणं लागतं, आबांचा पाय मशीनच्या पायट्यावर ठेका धरतो, मुखडा संपतो आणि दारातून आवाज येतो, "झाली का हो आमची पँट?"

पँट कधीच झालेली नसते. आबा गळ्यातला टेप सावरत उठतात, "बस, फक्त काजं राहिलीत," असं धडधडीत खोटं बोलतात, आणि रेडिओचा कान पिळून आवाज बारीक करतात. गाणं तिकडं एकटंच संपतं.

पंचेचाळीस वर्षांहून जास्त आबांनी दुकान चालवलं. या माणसानं एवढ्या वर्षांत सलग पूर्ण ऐकलेली गाणी किती असतील? मी त्यांना विचारलं. आबा म्हणाले, "लाईट गेल्यावर सेलवर ऐकलेली धरायची का?" म्हटलं धरा. तर म्हणाले, "मग धा-बारा असतील."

म्हणून आजचा कार्यक्रम. गाणी थोडीच आहेत, पण शेवटच्या सुरापर्यंत वाजतील.

पहिलं गाणं आबा जन्मले तेव्हाच्या हवेतलं आहे. त्यांच्या जन्माच्याच वर्षी, १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं. गदिमांची छप्पन्न गीतं, चाली सुधीर फडक्यांच्या. तेव्हा आपल्या गल्लीत रेडिओ नव्हताच. आपण मराठवाड्याचे लोक तर त्या वेळी अजून हैदराबाद राज्यात होतो, मुंबई राज्यात गेलो १९५६ ला. त्यामुळं आबांच्या कानावर गीतरामायण पडलं ते खूप उशिरा, राममंदिराच्या भोंग्यातून. त्यातलं 'पराधीन आहे जगती पुत्र मानवाचा' आज लावणार आहोत. गिऱ्हाईक उधारी बुडवून गेलं की आबा हीच ओळ म्हणतात. रामानं भरताची समजूत घातली होती, आबा स्वतःची घालतात.

दुसऱ्या गाण्याची रेकॉर्ड नाही. ते आबांच्या थोरल्या बहीण, आपल्या गंगाखेडच्या आक्का, म्हणणार आहेत. जनाबाईंचा अभंग आहे, 'दळितां कांडितां, तुज गाईन अनंता'. आबांनी आयुष्यात पहिलं गाणं ऐकलं ते हे, जात्याच्या घरघरीत, पणजीच्या मांडीवर डोकं ठेवून. आक्का दिलेल्या घरी गेल्या ते गाव जनाबाईंचंच, त्यामुळं हा अभंग आमच्या घरात माहेरचाही आहे आणि सासरचाही. आक्का मला म्हणाल्या, "बाई, माईकवर नाही जमायचं, जातं असतं तर म्हटलं असतं." आक्का, जातं आणलंय. ते बघा, स्टेजच्या बाजूला. काकांनी आणि दोन पोरांनी माळवदावरून खाली उतरवलं, काकांची कंबर अजून दुखायली. आता तुम्हाला सुटका नाही.

तिसरं गाणं म्हणजे कव्वाली. ती समजायची तर बहात्तर साल सांगावं लागतं.

बहात्तरच्या दुष्काळात आबा सतरा वर्षांचे होते. शाळा सुटली, विहिरीत खडखडाट, आणि घरातली सगळी माणसं खडी फोडायला. लाल मिलो आणि सुकडी यांची नावं निघाली की आबा आजही पाणी मागतात. त्या कामावर आबांचा अंगठा हातोड्याखाली ठेचला. पणजी घाबरली, म्हणाली, या हातानं आता हे काम नको, आणि त्यांना बाजारातल्या उस्तादांच्या दुकानात नेऊन बसवलं. उस्तादांचं शिक्षण उर्दूत झालेलं. मापाची वही उर्दूत, हिशेब उर्दूत, शिव्याही उर्दूत. आबा कपडा बेतायला शिकले आणि त्याबरोबर अलीफ-बे पण शिकले, नाहीतर कोणाची छाती किती आणि कोणाची कंबर किती, हे वाचणार कसं?

उस्तादांच्या दुकानात रेडिओ होता. त्याचा परवाना असायचा, पोस्टात जाऊन दरवर्षी पैसे भरून शिक्का मारून आणायचा. ते काम आबांकडं. ते लहानसं पुस्तक आबांनी अजून जपून ठेवलंय, जेवताना सगळ्यांना दाखवणार आहे, फक्त हात धुऊन घ्या. बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागायची, आणि बुधवारी उस्ताद दुकान बंद करायचेच नाहीत. फळी अर्धी लावायची आणि आत कंदील.

तर १९६० च्या 'बरसात की रात' या सिनेमातली 'ना तो कारवाँ की तलाश है'. शब्द साहिर लुधियानवींचे, संगीत रोशन यांचं, आणि गायला मन्ना डे, रफी, आशाबाई अशी मोठी फौज. ही कव्वाली सुमारे बारा मिनिटांची आहे. बारा मिनिटं! शिंप्याच्या दुकानात बारा मिनिटं कोण शांत बसू देईल? उस्ताद म्हणायचे, "ये पूरी सुनने के लिए या तो जुम्मा चाहिए या जनाज़ा." उस्ताद गेले तेव्हा त्यांची कात्री घरच्यांनी आबांना दिली. आजही आबा नव्या कपड्याला पहिला काप त्याच कात्रीनं देतात. उस्तादांचे नातू आज इथं आलेत, दुसऱ्या रांगेत बसलेत. भाई, ही कव्वाली तुमच्या आजोबांच्याही नावानं.

पुढचं 'ऐरणीच्या देवा'. १९६५ चा 'साधी माणसं', भालजी पेंढारकरांचा. लताबाईंनी गायलंय आणि संगीतही त्यांचंच, पण 'आनंदघन' या नावानं. आबा कित्येक वर्षं समजत होते की आनंदघन म्हणजे कोणी मिशीवाले बुवा असणार. हे गाणं त्यांना का आवडतं, त्याचं उत्तर फार सोपं आहे. दुकानाला लागून लोहाराचा भाता होता. इकडं मशीन, तिकडं घण, मध्ये एक पत्र्याची भिंत. आबा म्हणतात, ते गाणं लागलं की लोहारदादा आपोआप तालात घण घालायचे, आणि एकदा तर गाणं संपेपर्यंत लोखंड थंड झालं.

'एक धागा सुखाचा' मी यादीत टाकलं तेव्हा आबा म्हणाले, "शिंपी आहे म्हणून टाकायलीस व्हय?" हो, म्हणूनच टाकलंय. १९६० च्या 'जगाच्या पाठीवर' मधलं आहे, गदिमा आणि बाबूजींचंच. त्यातला शंभर धाग्यांचा हिशेब मात्र आबांना मान्य नाही. त्यांचं म्हणणं, दुःखाचा धागा कच्चा असतो, धुण्यात विरतो. मी काही त्यांच्याशी वाद घातला नाही.

मग 'नभं उतरू आलं'. १९७७ च्या 'जैत रे जैत' मधलं, हृदयनाथांचं संगीत, आशाबाईंचा आवाज. आणि शब्द आपल्या माणसाचे, अजिंठ्याजवळच्या पळसखेड्याचे ना. धों. महानोर. आबा शेतकरी राहिले नाहीत, पण मृगाच्या आधीच्या आठवड्यात त्यांचा एक डोळा कपड्यावर आणि एक आभाळावर असतो. या आठवड्यात शिवलेल्या शर्टाचा गळा तपासून घ्यावा, असं आमच्या घरात सांगतात. परवा मीही आबांकडून कुर्ता शिवून घेतला. गळा वाकडा आहे. म्हटलं, राहू दे.

शेवटचं गाणं आबांच्या यादीत नव्हतं. 'या चिमण्यांनो परत फिरा रे', १९६८ च्या 'जिव्हाळा' मधलं, खळेकाकांची चाल. आजीनं सांगितलं की हे लागलं की आबा रेडिओ बंदच करायचे. गिऱ्हाईक नसतानाही. बाबा पुण्याला नोकरीला लागले त्या वर्षापासून. मी आबांना विचारलं, हे लावू का? ते बराच वेळ सुईत दोरा ओवत बसले. दोरा काही जाईना. मग म्हणाले, "लाव. सगळे घरातच हायेत की आज."

आता सूचना. गाणी चालू असताना आबांच्या जवळ जाऊन कोणी पाया पडायचं नाही, शाल द्यायची नाही, फोटो काढायचा नाही. नमस्कार, हार, शाली सगळं रस-पोळीनंतर. आणि ज्यांचे कपडे आबांकडं शिवायला पडलेत, ते चार-पाच जण मला इथून दिसायलेत. काका, तुम्हीच. दिवाळीची सफारी ना? तिची आज चौकशी करायची नाही. लाईट गेली तर इन्व्हर्टर आहे, इन्व्हर्टर गेला तर सेलचा रेडिओ आहे, सेल नवे टाकलेत.

आबा, तो गळ्यातला टेप काढून इकडं द्या. द्या हो. वाढदिवसाला सुद्धा घालून बसलात. हं. आता पाय लांब करून निवांत बसा.

लाव रे पहिलं.