तिरकू आणि कागदी होडी: २४ सेकंदांच्या ॲनिमेशनचे प्रॉम्प्ट

ओळख (प्रत्येक प्रॉम्प्टच्या सुरुवातीला जशीच्या तशी चिकटवायची, 'केशरी'चं 'नारिंगी' केलंत तरी वेगळाच खेकडा उगवतो):

तिरकू, कार्टून खेकडा. धड लंबगोल, रुंदी उंचीच्या दुप्पट. रंग सपाट केशरी #F26B3A, पोट फिकट पिवळं #FBE3B0. आखूड दांड्यांवर दोन गोल पांढरे डोळे, काळ्या बाहुल्या, पापण्या नाहीत. त्याची स्वतःची उजवी नांगी मोठी, डावी तिच्या निम्मी. चालायचे पाय चार, दोन्हीकडे दोन-दोन. पाठीवर मधोमध एकच पांढरा ठिपका. जाड, तपकिरी बाह्यरेषा. द्विमितीय, सपाट रंग.

खऱ्या खेकड्याला नांग्या सोडून आठ पाय असतात, ठाऊक आहे. पण मॉडेल दर फ्रेमला नवा हिशेब करतं, म्हणून चारच. कोणी चूक काढली तर काढू दे.

संदर्भचित्र:
[ओळख] एकाच चित्रात चार बाजू: समोरून, तीन-चतुर्थांश, बाजूने, पाठीमागून. चारही एकाच उंचीचे, सरळ उभे, चेहरा शांत. करडी कोरी पार्श्वभूमी, सावली नाही, अक्षरं नाहीत. १६:९.

यातलं पसंत पडलेलं चित्र पुढे प्रत्येक वेळी संदर्भ म्हणून जोडायचं. आधी स्थिर चित्र, ते जमलं की त्याचाच व्हिडिओ. सीड सगळीकडे 4127.

दृश्य १, ६ सेकंद:
[ओळख] सकाळचा ओला किनारा. तिरकू प्रेक्षकांकडे तोंड करून डावीकडे उभा, मोठी नांगी चित्रात डाव्या बाजूला. उजव्या कोपऱ्यात पाण्याच्या कडेला पांढरी कागदी होडी. आधी बाहुल्या होडीकडे वळतात, मग डोळ्यांच्या दांड्या ताठ होतात. कॅमेरा स्थिर.

दृश्य २, ६ सेकंद:
[ओळख] पाठीमागून. ठिपका दिसतो, मोठी नांगी चित्रात उजवीकडे. होडी समोर दूर. तो पुढे जायला पाय उचलतो आणि आडवाच सरकत चौकटीबाहेर जातो. होडी जागेवरच. कॅमेरा त्याच्यामागे जात नाही.

नांगीची बाजू इथे मुद्दाम लिहिली आहे. पाठ फिरली की ती हमखास दुसरीकडे उगवते.

दृश्य ३, ६ सेकंद:
[ओळख] समोरून, फक्त डोळे आणि कवचाचा वरचा भाग. मावळतीचा गुलाबी प्रकाश फक्त आकाशावर आणि वाळूवर; तिरकूचा केशरी रंग तोच. एक डोळा होडीकडे, दुसरा स्वतःच्या पायांकडे. तोंड दिसत नाही.

दृश्य ४, ६ सेकंद:
[ओळख] पहिली चौकट दृश्य २ सारखीच, प्रकाश दृश्य ३ चा. तिरकू जागच्या जागी उजवीकडे पाव वळण घेतो, होडी आता त्याच्या डाव्या कुशीला. तो आडवा चालतो आणि थेट होडीपाशी पोचतो. छोटी नांगी होडीला हलकेच टेकते.

सगळ्यांच्या शेवटी: जास्तीचे पाय नकोत, दोन्ही नांग्या सारख्या नकोत, दात, भुवया, टोपी, चकाकणारं कवच, त्रिमितीय छटा नको.