नियुक्तिपत्राप्रमाणे कामगिरी बोनसच्या हिशेबाचा खुलासा व दुरुस्ती मिळण्याबाबत

दांडिया बाजार, बडोदा
दि. ९ जुलै २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक,
मकरपुरा जीआयडीसी, बडोदा

विषय : आर्थिक वर्ष २०२४-२५च्या कामगिरी बोनसमधील ६९,१२० रुपयांच्या तफावतीबाबत.

महोदय,

सप्रेम नमस्कार. नियुक्तीच्या वेळी आपण माझ्याशी वेतनाची सगळी बोलणी मराठीतून केली होती आणि कलम ७चा अर्थ आपणच मला समजावून सांगितला होता, म्हणून हे पत्रही मी आपल्याला मराठीतच लिहीत आहे. मनुष्यबळ विभाग आणि लेखा विभाग यांना त्याची प्रत देत आहे.

जूनच्या पगारासोबत मला कामगिरी बोनस म्हणून ४६,०८० रुपये मिळाले. नियुक्तिपत्रातील अटींप्रमाणे ही रक्कम १,१५,२०० रुपये व्हायला हवी होती. वेतनपावतीवर ४६,०८० हा आकडा कपातीपूर्वीच्या रकान्यात आहे आणि आयकराची कपात त्याच्या पुढे वेगळी दाखवलेली आहे, तेव्हा हा फरक कर कापल्यामुळे पडलेला नाही, हे सुरुवातीलाच स्पष्ट करते. तसेच माझे वेतन बोनस प्रदान अधिनियम, १९६५ने घातलेल्या दरमहा २१,००० रुपयांच्या मर्यादेपेक्षा जास्त असल्याने मी येथे कायद्याने द्यावयाच्या बोनसविषयी बोलत नसून, कंपनीने नियुक्तिपत्रात स्वतः लिहून दिलेल्या रकमेविषयी बोलत आहे.

दि. ८ जून २०२३च्या नियुक्तिपत्रातील कलम ७(ब)मध्ये असे म्हटले आहे की, वर्षाच्या विक्री उद्दिष्टाची ९० टक्के किंवा त्याहून अधिक पूर्तता झाल्यास त्या आर्थिक वर्षात मिळालेल्या निश्चित वेतनाच्या १५ टक्के रक्कम कामगिरी बोनस म्हणून दिली जाईल. निश्चित वेतन म्हणजे काय, हे परिशिष्ट अ मध्ये सांगितले आहे : मूळ वेतन, घरभाडे भत्ता आणि विशेष भत्ता यांची बेरीज. मागील आर्थिक वर्षात माझे मूळ वेतन दरमहा ३२,००० रुपये, घरभाडे भत्ता १२,८०० रुपये आणि विशेष भत्ता १९,२०० रुपये होता. म्हणजे निश्चित वेतन दरमहा ६४,००० आणि वर्षाचे ७,६८,००० रुपये झाले, ज्याचे १५ टक्के १,१५,२०० रुपये होतात.

उद्दिष्ट पूर्ण झाले की नाही, याबद्दल वाद नसावा. ४ कोटी २० लाख रुपयांच्या उद्दिष्टापैकी ४ कोटी ६ लाखांची विक्री माझ्या नावावर नोंदली गेली आहे, म्हणजे पूर्तता ९६ टक्क्यांहून अधिक आहे, आणि २२ एप्रिलच्या मूल्यमापन अर्जावर विक्री प्रमुखांनी हाच आकडा मान्य करून सही केली आहे. दहेजच्या ग्राहकाने तपासणी लांबवल्यामुळे ज्या मालाचे बिल एप्रिलमध्ये निघाले, तो मी यात धरलेला नाही.

मी विचारणा केल्यावर लेखा विभागाने मला हिशेबाचा तक्ता दाखवला, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे, कारण त्यामुळे तफावत नेमकी कुठे आहे ते कळले. तक्त्यात माझ्या नावासमोर ‘आधार’ या रकान्यात ३,८४,००० लिहिले आहेत, आणि हे वर्षाचे केवळ मूळ वेतन आहे. त्याचे १५ टक्के ५७,६०० रुपये होतात. पुढच्या रकान्यात ‘कंपनी गुणक ०.८०’ असे लिहून ती रक्कम ४६,०८० वर आणली आहे. पहिल्या कारणाने माझे ५७,६०० रुपये आणि दुसऱ्या कारणाने ११,५२० रुपये कमी झाले आहेत.

यांपैकी पहिल्या गोष्टीला कोणताही लेखी आधार मला सापडत नाही. उलट, २०२३-२४मध्ये मी १ जुलैपासून नऊ महिने काम केले, तेव्हा निश्चित वेतन दरमहा ६०,००० रुपये होते आणि कंपनीने मला ८१,००० रुपये बोनस दिला होता. ५,४०,००० रुपयांच्या १५ टक्क्यांएवढीच ती रक्कम आहे. तेच कलम, तेच परिशिष्ट आणि तोच लेखा विभाग असताना एका वर्षात आधार अर्ध्यावर कसा आला, याचा खुलासा मला हवा आहे.

कंपनी गुणकाविषयी मला असे सांगण्यात आले की, तो नोव्हेंबर २०२४च्या परिपत्रकाने लागू झाला. ते परिपत्रक मी पुन्हा नीट वाचले. त्यातील दुसऱ्याच वाक्यात ही पद्धत ‘१ एप्रिल २०२५पासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षासाठी’ असल्याचे म्हटले आहे, त्यामुळे ३१ मार्च २०२५ला संपलेल्या वर्षाला ती लावता येणार नाही. शिवाय, करारातील अट बदलायची असल्यास दोन्ही पक्षांची संमती लागते, हे भारतीय करार अधिनियम, १८७२च्या कलम ६२वरूनही दिसते, आणि माझ्याकडून अशी संमती कधी मागितली गेली नाही व मी ती दिलेलीही नाही. चालू वर्षापासून गुणक लावायचा असेल, तर त्याविषयीही आधी माझ्याशी बोलणे व्हावे, अशी माझी विनंती आहे; या पत्रामुळे मी त्याला मान्यता दिली असे समजू नये.

या रकमेला माझ्या दृष्टीने किती महत्त्व आहे, हेही सांगितले पाहिजे. नियुक्तीच्या वेळी मासिक वेतन माझ्या अपेक्षेपेक्षा कमी होते, आणि बोनस धरून वर्षाचा आकडा जुळतो, असे आपण दाखवून दिल्यावरच मी होकार दिला होता. अंकलेश्वर, दहेज आणि हालोलच्या ग्राहकांना मी कंपनीच्या वतीने मुदतीचा आणि दराचा शब्द देते, आणि तो पाळला जाईल याची मला खात्री असते. माझ्या बाबतीतही कंपनीने लिहून दिलेला शब्द पाळावा, एवढीच माझी अपेक्षा आहे.

तरी, हिशेब परिशिष्ट अ प्रमाणे दुरुस्त करून फरकाचे ६९,१२० रुपये जुलैच्या पगारासोबत मिळावेत, ही विनंती. कंपनीला कलमाचा काही वेगळा अर्थ अभिप्रेत असेल, तर तो नियुक्तिपत्रातील कोणत्या वाक्यावर आधारलेला आहे, हे मला २४ जुलै २०२५पर्यंत लेखी कळवावे. त्याआधी समोरासमोर बोलायचे असल्यास मी सर्व कागदांसह केव्हाही येईन, मात्र जे ठरेल ते नंतर लेखी मिळावे. नियुक्तिपत्राची व परिशिष्टाची प्रत, मूल्यमापन अर्ज, जूनची वेतनपावती, मागील वर्षीच्या बोनसची पावती आणि नोव्हेंबरचे परिपत्रक सोबत जोडले आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली विश्वासू,
अनुराधा सबनीस
वरिष्ठ विक्री अभियंता
कर्मचारी क्रमांक ४१७