खालून वर

१९८७ च्या जून महिन्यात, गोव्याला घटकराज्याचा दर्जा मिळून जेमतेम दोन आठवडे झाले असताना, पेडण्याहून बारावी पास होऊन आलेला मी म्हापशाच्या बाजारातील नारळ-सुपारीच्या एका घाऊक पेढीवर हिशेब शिकण्यासाठी बसू लागलो. पेढीच्या मालकांना सगळे पात्रांव म्हणत आणि हिशेब लिहिणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांना दिवाणजी. दिवाणजींनी साठी ओलांडली होती. ते स्वच्छ धोतर नेसत, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली असे, आणि शाईचा डाग मात्र त्यांच्या बोटावर मी कधी पाहिला नाही.

पहिला महिनाभर त्यांनी मला खतावणीला हात लावू दिला नाही. रोजकीर्दीतल्या नोंदी वाचून दाखवायच्या आणि ते लिहीत असताना पावत्यांवर खूण करायची, एवढेच माझे काम होते. शुक्रवार हा म्हापशाच्या बाजाराचा दिवस असल्याने त्या दिवशी लिहिणे होत नसे; सगळा पसारा शनिवारी सकाळी निपटावा लागे. अशाच एका शनिवारी बाहेर पाऊस धोधो कोसळत असताना त्यांनी शिवोलीच्या एका दुकानदाराचे खाते माझ्यापुढे सरकवले आणि नावे बाजूच्या पानाची बेरीज करायला सांगितले.

त्या पानावर सात रकमा होत्या: १,२४५, ६८०, ३,४१९, ७५६, २,३०७, ९१८ आणि १,५८३. त्या मला अजून पाठ आहेत, आणि त्याला कारण आहे.

बेरीज सुरू करण्यापूर्वी दिवाणजींनी पद्धत सांगितली. आधी वरून खाली यायचे आणि आलेली बेरीज पेन्सिलीने पानाच्या तळाशी लिहायची. मग तिच्यावर टीपकागदाचा तुकडा ठेवायचा, शेवटच्या रकमेपासून सुरुवात करून वर चढायचे आणि दुसरी बेरीज पानाच्या माथ्यावर, तारखेच्या ओळीच्या वर बारीक अक्षरात लिहायची. दोन्ही जुळल्यावरच तळाची बेरीज शाईने गिरवायची.

"दोन वेळा करायचीच, तर दोन्ही वेळा वरून खालीच केली म्हणून काय बिघडलं?" मी विचारले.

"आधी करून बघ," एवढेच ते म्हणाले आणि पात्रांवांबरोबर गोदामात गेले.

पात्रांवांच्या टेबलावर कॅल्क्युलेटर होता आणि तो मला दिसत होता. तो न घेण्याइतका मी प्रामाणिक होतो. पुढचे जे केले त्यात मात्र नव्हतो. वरून खाली बेरीज केली, १०,९०७ आली, ती तळाशी लिहिली, आणि पुन्हा सगळे चढण्याचा कंटाळा येऊन तोच आकडा माथ्यावर उतरवून काढला. दाखवायला म्हणून टीपकागदही जागेवर ठेवला.

दिवाणजी परत आले. त्यांनी माथ्यावरचा आकडा पाहिला, कागद उचलून तळाचा पाहिला आणि मान न हलवता विचारले, "वर गेला होतास का?"

"गेलो होतो."

"मग एकं पुन्हा मोठ्याने मोज. वरून खाली."

मी एकंस्थानचे अंक मोजू लागलो. "पाच, पाचच, चौदा, वीस, सत्तावीस, चौतीस, सदतीस. सात लिहिले, हातचे तीन."

"सत्तावीस आणि आठ किती?"

"पस्तीस," मी म्हणालो, आणि म्हणता म्हणताच माझा चेहरा उतरला.

"आता खालून."

"तीन, अकरा, अठरा, चोवीस, तेहेतीस, तेहेतीसच, अडतीस. आठ लिहिले, हातचे तीन."

हातचे दोन्हीकडे तीनच असल्यामुळे दहं, शतक आणि हजारांत काही फरक पडत नव्हता. खरी बेरीज १०,९०८ होती. चूक फक्त एका रुपयाची होती. दिवाणजींनी पेन्सिलीचे टोक ९१८ मधल्या आठावर ठेवले. "वरून येताना हा आठ तुला सत्तावीसवर भेटतो आणि तुझी जीभ चौतीस म्हणते. शंभर वेळा वरून आलास तरी ती शंभर वेळा चौतीसच म्हणेल, कारण तिला ती वाट पाठ झाली आहे. खालून जाताना हाच आठ तीनवर भेटतो. तिथे सत्तावीस आणि आठ यांची गाठच पडत नाही. मग खालून चढूनसुद्धा तुझी नेमकी तीच चूक कशी झाली? दोन बेरजा जुळल्या नसत्या, तर मी तुला काहीही बोललो नसतो."

ते रागावले नाहीत. त्यांनी खोडरबर दिला, दोन्ही आकडे पुसायला लावले आणि मी खरोखर चढतो आहे की नाही ते ओठांकडे बघत तपासले. त्या दिवसापासून सत्तावीस आणि आठ आले की मी आजही क्षणभर थांबतो.

पुढे त्यांनी या पद्धतीची मर्यादाही दाखवली. पावतीवर ७५६ असताना खात्यात ७६५ लिहिले, तर वरून आणि खालून बेरीज तंतोतंत जुळते आणि तरीही ती चुकीचीच असते. तेरजेत नऊने भाग जाणारा फरक निघाला की आधी अंकांची अदलाबदल शोधायची, हे मी तेव्हा शिकलो. त्यासाठी पावत्यांवरच्या खुणा, बेरजेसाठी चढउतार. एकाचे काम दुसऱ्याकडून होत नाही.

चतुर्थीपूर्वी माळ्यावरच्या जुन्या वह्यांना वाळवी लागली आहे का ते पाहायला मला वर पाठवले. दिवाणजी पोर्तुगीज अमदानीत याच पेढीवर आले होते. सुरुवातीच्या वह्या रुपया-टांग्यांच्या होत्या. सोळा टांग्यांचा रुपया असल्यामुळे तिथे हातचा दहाने नव्हे, सोळाने धरावा लागे. १९५९ मध्ये एका रुपयाला सहा या दराने एस्कुदो आले आणि १९६१ च्या डिसेंबरात मुक्ती झाल्यावर आपले रुपये-पैसे. चलन दोनदा बदलले होते, पण प्रत्येक पानाच्या माथ्यावर तारखेच्या वर तो बारीक, फिकट पेन्सिलीचा आकडा होताच. मी वाळवी बघायची सोडून तेच बघत बसलो.

१९६० च्या वहीत एका पानाचा माथा कोरा सापडला. तळाशी शाईची बेरीज होती, वर काहीच नव्हते. मोठा शोध लागल्यासारखा मी ती वही घेऊन खाली आलो आणि काही न बोलता त्यांच्यापुढे उघडून ठेवली.

त्यांनी चष्मा पुसला आणि पानाकडे बराच वेळ पाहिले. कारण त्यांनी सांगितले नाही, आणि विचारण्याचे धाडस मला झाले नाही. टीपकागद घेऊन त्यांनी तळाची बेरीज झाकली व वही माझ्याकडे वळवली.

"कर," ते म्हणाले. "खालून."

एकवीस रकमा होत्या, एस्कुदोत. मी मोठ्याने मोजत चढलो, ते डोळे मिटून ऐकत होते. शेवटचा आकडा सांगितल्यावर त्यांनी कागद उचलला, तळाकडे एकदा पाहिले, कानामागची पेन्सिल काढली आणि सत्तावीस वर्षे कोऱ्या राहिलेल्या माथ्यावर तो आकडा स्वतःच्या बारीक अक्षरात लिहून वही मिटली.

"आता वाळवी बघ जा," ते म्हणाले.