आई घरी यायच्या आधी आणायचं सामान

दादा, वहिनी, आई बुधवारी घरी येतेय. वॉर्डच्या सिस्टरांना विचारून यादी केलीय. तिची उजवी बाजू हलत नाही, लघवीची नळी आहे आणि माकडहाडावर छोटी जखम झालीय, त्या हिशोबाने बघा.

सगळ्यात आधी (मंगळवारीच लावून ठेवा)
☐ एअर मॅट्रेस, पंपासकट. रात्रभर चालवून बघा. वर एकच चादर, जाड गोधडी टाकली की गादीचा उपयोगच राहत नाही
☐ डोक्याकडून वर होणारा, कठडेवाला बेड, भाड्याने चालेल
☐ उशा ५-६. एक पोटऱ्यांखाली, टाचा अधांतरी राहिल्या पाहिजेत, बाकीच्या पाठीमागे आणि गुडघ्यांच्या मधे. मधे भोक असलेली रिंग उशी कोणी कितीही सांगू दे, आणू नका, कडेने दाब पडून रक्तपुरवठा अजून कमी होतो
☐ दुहेरी घडीची जास्तीची चादर, आईला सरकवायला. ओढायचं नाही, दोघांनी उचलून सरकवायचं, ओढल्याने कातडी सोलते

ड्रेसिंग
☐ नॉर्मल सलाईनच्या छोट्या बाटल्या, एकदा फोडली की उरलेलं टाकून द्यायचं
☐ स्टराईल गॉझ. कापूस नको, धागे जखमेत अडकतात
☐ फोमचं चिकट ड्रेसिंग, जखमेपेक्षा चारी बाजूंनी मोठं. सिस्टरांनी सांगितलेल्या दिवशीच बदलायचं, पण कड सुटली किंवा आत शी गेली तर लगेच
☐ पेपर टेप, ग्लोव्हजचा बॉक्स

कूस दर दोन तासांनी बदलायची आणि तेव्हाच टाचा, खुबे, खांदे बघायचे. लाल दिसलं तर बोट दाबून सोडा, लाली जात नसेल तर तिथे दाब नको, चोळायचं तर अजिबात नाही, मला फोन करा.

स्वच्छता
☐ अडल्ट डायपर, कंबर मोजून मगच घ्या, आणि अंडरपॅड
☐ झिंक ऑक्साईडचं क्रीम, पातळ थर. टाल्कम पावडर नको, घामात गोळे होतात
☐ बिनवासाचे वेट वाईप्स, सौम्य साबण, दोन टब, मऊ पंचे. पुसताना पुढून मागे
☐ मऊ ब्रश, ओठांना व्हॅसलीन, कवळीचा डबा. तोंड दोन वेळा साफ करायचंच, वहिनी हे तुमच्याकडे, आई तुमचंच ऐकते
☐ बेडपॅन

बाकी
☐ लघवीची जादा पिशवी आणि बेडला अडकवायचा हुक. पिशवी कमरेच्या खाली, पण जमिनीला टेकायला नको
☐ थर्मामीटर, बीपी मशीन, ऑक्सिमीटर
☐ हाक मारायची बेल, डाव्या हाताशी
☐ झाकणाची बादली
☐ वही: कूस, लघवी, ताप, खाणं. भरवताना बसतं करा, नंतर अर्धा तास तसंच ठेवा, आणि ठसका लागला तर तेही वहीत लिहा

गादी आणि बेड दादा बघेल, ड्रेसिंगचं मी घेऊन येते, उरलेलं वहिनी तुम्ही.