जास्वंदीचे फूल उघडून पाहू या (इयत्ता पाचवी)

आज प्रत्येक जोडीला एकेरी पाकळ्यांचे, सकाळीच उमललेले जास्वंदीचे फूल मिळेल. दुहेरी फुलात पराग तयार करणाऱ्या पुंकेसरांच्या पाकळ्या झालेल्या असतात, म्हणून ते आपल्या कामाचे नाही.

फूल देठाशी धरून प्रथम पाकळ्यांच्या बाहेरचा हिरवा पेला, म्हणजे निदलपुंज, पाहा आणि मगच पाचही पाकळ्या एकेक करून अलगद सोडवा. मध्ये उरलेल्या लांब दांडीला झटका देऊ नका, कारण ती वरून एकच दिसली तरी पुंकेसरांचे देठ जुळून झालेली पोकळ नळी आहे आणि तिच्या आतून फुलाच्या तळापासून टोकापर्यंत जाणारा बारीक दांडा, म्हणजे कुक्षीवृंत, जातो. नळीवरच्या पिवळ्या परागकोषांना बोट लावून ते काळ्या कागदावर टेकवा. भिंगातून परागकण सुटे सुटे दिसतील. टोकाच्या पाच मखमली गोंड्यांना कुक्षी म्हणतात. तळाचा अंडाशय शिक्षक ब्लेडने आडवा कापून देतील. त्यातील पाच कप्पे आणि पुढे ज्यांच्या बिया होतात ती बारीक बीजांडे मोजण्याची घाई न करता नीट पाहा.

परागकण कुक्षीवर पोहोचणे म्हणजे परागण. मध प्यायला आलेल्या शिंजीर पक्ष्याच्या अंगाला पराग चिकटतात आणि दुसऱ्या फुलाच्या कुक्षीला लागतात. बागेतल्या जास्वंदीला मात्र सहसा फळ धरत नाही. भोपळ्याच्या वेलीवर नर व मादी फुले वेगळी असतात, त्यामुळे तेथे मधमाशीवाचून फळधारणा अवघड होते.

आता वहीत उभ्या छेदाची पेन्सिलने आकृती काढा, भागांपर्यंत पट्टीने सरळ रेघा ओढून उजवीकडे नावे लिहा आणि जे प्रत्यक्ष दिसले तेवढेच दाखवा.