तेरा आणि चौदाच्या मध्ये

कृष्णाकाठच्या त्या साखर कारखान्यात ऊस मिलपर्यंत वाहून नेणारी गव्हाण त्या रात्री तिसऱ्यांदा थांबली, तेव्हा दोन वाजून वीस मिनिटे झाली होती. आधीच्या दोन्ही वेळा चालू करायचे बटण दाबताच ती पुन्हा धावू लागली होती. या वेळी मात्र बटण दाबून धरले तरी मोटरला वीज जोडणारा पॅनेलमधला कॉन्टॅक्टर ओढला जाईना. ऊस येईना म्हणून रोलर रिकामे फिरू लागले. थोड्याच वेळात बॉयलरचे जळण असलेला उसाचा चोथा, म्हणजे बगॅस, कमी पडणार, बगॅस कमी पडला की बॉयलरचे प्रेशर उतरणार आणि प्रेशर उतरले की एका मोटरपुरता असलेला हा प्रश्न सगळ्या कारखान्याचा होणार, हे पाळीवरच्या इलेक्ट्रिशियन विलासला कोणी सांगायची गरज नव्हती. तरीही दोष आता टिकून राहिला आहे, याचे त्याला एका अर्थी बरे वाटले, कारण येऊन-जाऊन असणारा दोष मीटर लावेपर्यंत नाहीसा होतो.

ओव्हरलोड रिले पडलेला नव्हता, फ्यूज शाबूत होते आणि कंट्रोल ट्रान्सफॉर्मरमधून 110 व्होल्ट नीट येत होते. पॅनेलमधल्या 11 नंबरच्या टर्मिनलवरही तेवढेच व्होल्ट मिळाले. तिथून वायर बाहेर गव्हाणीकडे जाते, आणीबाणीत दोरी ओढून गव्हाण थांबवण्याच्या स्विचमधून फिरते आणि 14 नंबरवर परत येते. सूरजने 14 वर मीटर लावला, तर आकडा बासष्टवर थरथरत उभा राहिला.

“दादा, इथं येतंय की. फक्त कमी येतंय.”

“स्विचमधून व्होल्टेज अर्धे येत नसते, सूरज. एक तर पूर्ण येते, नाहीतर येतच नाही. टेस्ट लॅम्प दे.”

दिवा 11 वर मंद का होईना, पेटला. 14 वर त्याची तारही लाल झाली नाही. डिजिटल मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे लांब केबलमधल्या शेजारच्या वायरींमुळे मेलेल्या वायरीवर उमटणारे फसवे व्होल्टेजही तो इमानाने दाखवतो. दिव्याला पेटायला खरा करंट लागतो. आयटीआयमधून नुकत्याच आलेल्या मुलाला हे पुस्तकापेक्षा अशा रात्रीच जास्त नीट कळते, म्हणून घाई असूनही विलासने दोन्ही वाचने त्याला पुन्हा घ्यायला लावली.

शिफ्ट इंजिनिअर पाटीलसाहेब तोपर्यंत पॅनेलपाशी येऊन उभे राहिले होते. यार्डात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग फाटकाबाहेर गेली होती आणि चीफ इंजिनिअरांचा फोनही येऊन गेला होता.

“विलास, 11 आणि 14 ला शंट मार. चालू करू, सकाळी बघू.”

“साहेब, शंट मारून स्विचच वगळले तर सगळ्या दोऱ्या मुक्या होतील. गव्हाणीवर आत्ता माणसे आहेत. पाय अडकला तर त्यांच्या हातात दोरीशिवाय दुसरे काही नाही.”

पाटीलसाहेबांनी घड्याळाकडे पाहिले आणि मग गव्हाणीकडे. “वीस मिनिटे. मी मिलचा वेग उतरवून ठेवतो,” एवढे बोलून ते वळले.

विलासने मोटरचा मुख्य स्विच बंद केला, पॉवरचे फ्यूज काढून खिशात टाकले आणि कंट्रोलचा पुरवठा तेवढा चालू ठेवला. मग त्याने वायरिंगचे चित्र टेबलावर पसरले. हा जुना अमोनिया प्रिंट ऑफिसच्या पश्चिमेच्या खिडकीशेजारी कित्येक हंगाम टांगलेला होता. अशा प्रिंटची निळी रेघ रंगद्रव्याची असते आणि ती उन्हात विरत जाते. डावीकडची सावलीतली बाजू अजून वाचता येत होती, पण उजवीकडे रेघांऐवजी पिवळट कागदच उरला होता. 11 पासून निघालेली रेघ एका स्विचमधून 12 वर आणि दुसऱ्यातून पुढे गेलेली दिसत होती. पुढच्या आकड्यातला एक तेवढा ओळखता आला, त्याच्या शेजारचा अंक पार पुसला होता. चित्राप्रमाणे दोनच स्विच होते, म्हणून विलास आणि सूरज बॅटरी घेऊन बाहेर पडले.

पहिल्या स्विचच्या दोन्ही टोकांना दिवा पेटला. दुसऱ्या स्विचच्याही दोन्ही टोकांना पेटला. पुरवठा दोन्हींच्या पार जात होता आणि तरीही पॅनेलला पोहोचत नव्हता. विलासने दुसऱ्या स्विचमधून बाहेर पडणाऱ्या वायरीवरचा नंबराचा फेरूल अंगठ्याने पुसला. त्यावर 13 होते.

“पॅनेलमध्ये 13 कुठे पाहिलास?”

सूरजने आठवून मान हलवली. “नाही. 14 च आहे.”

एकाच वायरीला दोन टोकांना दोन नंबर नसतात. 13 हा 14 झाला असेल, तर मध्ये काहीतरी आहे आणि ते चित्र छापून झाल्यावर बसवलेले आहे. विलास परत टेबलापाशी गेला. या वेळी त्याने बॅटरी वरून न धरता कागदाला जवळजवळ टेकवून आडवी धरली. निळ्या रेघा गेल्या होत्या तिथेच शिसपेन्सिलीची एक बारीक चकाकी दिसली: एका स्विचचे चिन्ह, त्याच्या दोन बाजूंना 13 आणि 14, आणि खाली आखूड अक्षरात ‘फी. टे. खाली’. पेन्सिलीचे शिसे उन्हाने उडत नाही. हस्ताक्षर निवृत्त झालेल्या गुरवअण्णांचे होते. तिसरा स्विच बसवला त्या दिवशी अण्णांनी तो कागदावरही बसवला होता, आणि एवढे करणारी माणसे कारखान्यात फार नसतात.

गव्हाणीत ऊस सोडणाऱ्या फीडर टेबलाखाली वाकूनच जावे लागले. तिथला जंक्शन बॉक्स चिपाडांच्या आणि रसाच्या थराखाली असा दडला होता की सूरजचा हात दोनदा त्यावरून गेला तरी त्याला तो कळला नाही. झाकणाचे रबर कुजलेले होते आणि आत हिरवट गंज चढला होता. 14 च्या स्क्रूखाली वायरीच्या सगळ्या तारा तुटल्या होत्या. इन्सुलेशनने तेवढे टोक जागेवर धरून ठेवले होते, म्हणून नुसत्या डोळ्यांना जोड धडधाकट वाटत होता. टेबलाच्या प्रत्येक हादऱ्याने ती टोके आधी सुटत आणि जुळत राहिली होती. आता ती सुटलीच होती.

विलासने कंट्रोलचा फ्यूज काढायला लावून वायर चांगल्या तांब्यापर्यंत कापली, नवी लग दाबली, टर्मिनल बदलले आणि फेरूल पुन्हा चढवला. झाकणाला तात्पुरते नवे रबर कापून बसवले. फ्यूज घातल्यावर 14 वर दिवा पेटला. तरी त्याने ऊस लगेच सोडू दिला नाही. भोंगा देऊन गव्हाण रिकामी चालवली आणि तिन्ही दोऱ्या एकेक करून ओढायला लावल्या. प्रत्येक वेळी कॉन्टॅक्टर सुटला, तेव्हा कुठे त्याने पाटीलसाहेबांना हात केला. वीस मिनिटांच्या जागी पस्तीस झाली होती. त्यांनी त्याबद्दल अक्षर काढले नाही.

“लॉगबुकात कंट्रोल फॉल्ट दुरुस्त, एवढे लिही,” ते म्हणाले.

“साहेब, जागा आणि नंबर लिहितो. नाहीतर पुढचा माणूस पुन्हा दोनच स्विच शोधेल.”

मोळ्या पडू लागल्यावर विलासने कोरा कागद घेतला आणि 11 पासून 14 पर्यंतची ओळ तिन्ही स्विचांसह शिसपेन्सिलीने काढली. पाटीलसाहेबांनी खाली सही केली आणि दोन प्रती काढायला सांगितल्या. पाळी संपायला अजून अवकाश होता. विलासने सूरजला पॅनेलसमोर उभे केले आणि उरलेले फेरूल मोठ्याने वाचायला सांगितले. 15 जुळला, 16 जुळला, 17 आणि 18 ही जुळले. 19 मात्र चित्रात कुठेच नव्हता.

“ती वायर कुठे जाते ते बघ,” विलास म्हणाला आणि त्याने पेन्सिलीला टोक काढले.