जुलैच्या वहीबद्दल काका-काकूंस

तीर्थरूप काका आणि काकू यांस सादर नमस्कार,

तुम्ही पाठवलेली जुलैची वही मी सावकाश वाचली. एखाद्या दिवशीचा चढा आकडा पाहून तुम्ही त्याला लाल शाईने गोल केलेला आहे. त्या गोलांपेक्षा एकाच वेळचे आकडे महिनाभर कसे राहिले, याकडे मी अधिक लक्ष दिले.

काकूंचा रक्तदाब संध्याकाळी बहुतेक १२४ ते १३२ च्या दरम्यान आहे, तो उत्तम. सकाळी गोळी घेण्याआधी मात्र तो १४६ ते १५८ असतो. घरी मोजलेल्या दाबाची सरासरी १३५/८५ च्या खाली असावी, असे आम्ही धरतो. सकाळच्या गोळीचा परिणाम दुसऱ्या पहाटेपर्यंत पुरत नसावा, अशी मला शंका आहे. पण उठल्याउठल्या पाणी भरून लगेच पट्टा बांधला, तरीही असेच आकडे येतात. म्हणून पुढचे सात दिवस पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसावे आणि मग एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे. तोवर गोळीत स्वतःहून बदल करू नये. १० ते १६ तारखेपर्यंत रोज नेमके १३०/८० लिहिले आहे. यंत्र इतके गोल आकडे सहसा दाखवत नाही, तेव्हा दिसेल तेच लिहावे, मी रागावणार नाही.

काकांची उपाशीपोटीची साखर ११२ ते १२८ आहे, त्यात काही खटकत नाही. मला काळजी वाटली ती ६ आणि २१ तारखेच्या नोंदींची: सकाळी साडेअकराला ६४ आणि ६१, आणि शेजारी काकूंच्या अक्षरात "घाम, हात थरथरले". दोन्ही दिवशी एकादशी होती. ग्लिमेपिराइडची गोळी शरीराला इन्सुलिन सोडायला लावते. पोटात अन्न गेले नाही, तरी ती आपले काम करतेच. त्याच रात्री साबुदाण्याच्या खिचडीनंतर २३८ आली, तिचा मी तितका विचार करत नाही. या वयात वाढलेल्या साखरेपेक्षा अशी घसरलेली साखर अधिक धोक्याची, कारण तोल जाऊन माणूस पडतो.

म्हणून यापुढे न्याहारी नाही, तर ती गोळीही नाही. उपास करायचाच असेल, तर आदल्या दिवशी मला फोन करावा. साखर ७० च्या खाली गेली, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि सावरल्यावर काहीतरी खावे. काका गुंगीत असतील, तर काकूंनी तोंडात काही घालू नये, १०८ ला फोन करावा.

गुरुवारी दवाखान्यात येताना वही आणि रक्तदाबाचे यंत्र दोन्ही आणावे. माझ्या यंत्राशी ते पडताळून पाहू, आणि काकांची तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणीही त्याच दिवशी करू.

आपला,
डॉक्टर